टॉवेल सोलापूरचा, जोखीम डॉलरची

सोलापूरच्या कारखानदाराने अमेरिकेत एक लाख डॉलरचे टॉवेल पाठवले आणि पैसे नव्वद दिवसांनी मिळणार आहेत, असे धरू. सूत, रंगाई, मजुरी हा खर्च रुपयांत होऊन गेला. येणे मात्र डॉलरमध्ये. खरे तर जोखीम बिल बनवण्याच्याही आधी, गिऱ्हाइकाला डॉलरमध्ये भाव कळवला त्या दिवशीच सुरू झालेली असते.

पडतळ डॉलरमागे 81 रुपये पडली. आज डॉलर 84 ला आहे आणि तीन महिन्यांनी मिळणारा डॉलर बँक 84.40 ने घ्यायला तयार आहे. हे जादा 40 पैसे म्हणजे रुपया घसरणार असे बँकेचे भाकीत नव्हे. ते मुख्यतः भारत आणि अमेरिकेतल्या व्याजदरांच्या फरकातून येतात.

हा फॉरवर्ड करार केला की नफा 3 लाख 40 हजार, मग डॉलर कुठेही जावो. करार न करता थांबले आणि डॉलर 87 झाला तर नफा सहा लाख. तो 84 वरच राहिला तर तीन लाख, म्हणजे काहीच न घडताही न थांबणाराच फायद्यात. डॉलर 82 झाला तर हाती एकच लाख उरतो आणि 80 झाला तर लाखाचा तोटा. म्हणून ताळा आजच्या 84 शी नाही, 84.40 शी घालायचा. डॉलर त्याच्या वर गेला तरच थांबणे फळते.

80 म्हणजे उगाच घातलेली भीती नव्हे. 2007 च्या सुरुवातीला 44 च्या आसपास असलेला डॉलर वर्षअखेरीस 40 च्या खाली आला आणि निर्यातदारांचा नफा आटला. पुढे 2008 च्या शेवटी तोच पन्नाशीला टेकला. तेव्हा स्वस्तात करार करून बसलेले हळहळले. त्यांचा ठरलेला नफा मात्र बुडाला नव्हता.

कराराचा खरा धोका वेगळाच आहे. ऑर्डर रद्द झाली तरी करार उरतोच. त्या वेळी डॉलर 87 असेल तर तो मोडताना डॉलरमागे 2.60, म्हणजे 2 लाख 60 हजार रुपये खिशातून जातात. पैसे नुसते लांबले तरी मुदत वाढवण्याचा खर्च येतो.

त्यामुळे माल रवाना झाला आहे आणि गिऱ्हाईक जुने आहे, त्या बिलाचा पूर्ण करार करावा. नव्या गिऱ्हाइकाच्या कच्च्या ऑर्डरीचा निम्माच. निम्म्यावर डॉलर 80 झाला तरी 1 लाख 20 हजार सुटतात, 87 झाला तर 4 लाख 70 हजार. मात्र सही करण्यापूर्वी बँक प्रत्येक डॉलरमागे स्वतःसाठी किती पैसे कापते, ते जरूर विचारा.