वीज वाट विचारत नाही, गणित मात्र विचारतं

एक लहान जाळं डोळ्यांपुढे आणा. १३२ किलोव्होल्टची तीन ठाणी त्रिकोणात जोडलेली आहेत. पहिल्यावर वीजकेंद्र आहे. दुसऱ्या उपकेंद्राला ६० मेगावॉट हवेत, तिसऱ्याला ३६. वीजकेंद्राने ९६ मेगावॉट सोडले, तर कोणत्या वाहिनीतून किती जातील? तिसऱ्याची वीज थेट वाटेने जाईल, की दुसऱ्याच्या अंगणातून? ते ठरवायला मध्ये कुठे झडप नसते. वाहिन्यांचे गुणधर्म आणि ठाण्यांवरचे दाब मिळूनच वाटणी होते. ती आधी शोधून काढणं म्हणजे लोड फ्लो, आणि त्याची सुरुवात एका तक्त्यापासून होते.

अभियंते ठाण्याला बस म्हणतात. इथे बसगाडी अभिप्रेत नाही. उपकेंद्रात सगळ्या वाहिन्या ज्या जाड पट्टीला येऊन मिळतात, तो बसबार. दोन बसमधली वाहिनी विजेला जितकी अडवते तितकी तिची इम्पीडन्स. त्याच्या उलट, ती किती सहज वाट देते ते म्हणजे अॅडमिटन्स. आपल्या १-२ वाहिनीचा अडथळा १७.४ ओहम आहे, म्हणजे साधारण ४३ किलोमीटरची वाहिनी. १०० एमव्हीएच्या मापात तो ०.१ होतो, म्हणून अॅडमिटन्स १०. तशीच २-३ ची ५ आणि १-३ ची ४. तारेचा रोध इथे सोडून दिला आहे, उरतो तो फक्त रिअॅक्टन्स. त्याच्यामुळे प्रवाह दाबाच्या पाव फेरा मागे राहतो. ते दाखवण्यासाठी आकड्यासोबत j लिहितात.

तक्ता भरण्याची रीत हिशेबाच्या वहीसारखी आहे. कर्णावर त्या बसला टेकणाऱ्या सगळ्या वाहिन्यांच्या अॅडमिटन्सची बेरीज. कर्णाबाहेर त्या दोन बसमधल्या वाहिनीची अॅडमिटन्स, पण चिन्ह उलटं. थेट वाहिनी नसेल तिथे शून्य.

```
        1      2      3
1    -j14    j10     j4
2     j10   -j15     j5
3      j4     j5    -j9
```

आता प्रत्येक ओळ बेरजेने तपासा: शून्य येतं. आले नाही, तर बहुतेक वेळा उणे चिन्ह विसरलेलं असतं. लांब वाहिनीचा जमिनीशी असलेला धारिता-प्रभाव धरला, तर मात्र त्याचा निम्मा निम्मा भाग दोन्ही टोकांच्या कर्णात जातो आणि बेरीज शून्य राहत नाही.

ही शून्य बेरीज एक अडचणही सांगते. सगळ्या बसचे दाब सारखेच वाढवले, तरी प्रवाह तेच राहतात. म्हणजे या तक्त्यावरून एकटे दाब निश्चित होत नाहीत. कुणीतरी खुंटा रोवावा लागतो. पहिली बस म्हणूनच स्लॅक. तिचा दाब १ आणि कोन ० धरायचा, आणि बाकी हिशेबात जी काही शक्ती कमी पडेल ती तिनेच पुरवायची.

खरी खोच पुढे आहे. ग्राहक प्रवाह मागत नाही, शक्ती मागतो. प्रवाह काढायला शक्तीला दाबाने भागावं लागतं, आणि दाबच तर शोधायचा आहे! म्हणून अंदाज धरून फेऱ्या मारायच्या. हे गाउस-सायडेल पद्धतीचं सूत्र:

```
V2 = [ (P2 - jQ2)/V2* - Y21 V1 - Y23 V3 ] / Y22
```

दुसऱ्या बसवर ६० मेगावॉटबरोबर ३० मेगाव्हार रिअॅक्टिव्ह शक्तीही जाते; म्हणून P2 = -0.6, Q2 = -0.3. सुरुवातीला सगळे दाब १ धरले, की कंसात -0.6 + j0.3 - j15 येतं. त्याला -j15 ने भागलं, की V2 = 0.98 - j0.04, म्हणजे दाबाचं मान ०.९८१. हाच ताजा आकडा लगेच तिसऱ्या बसच्या सूत्रात घालायचा. तिथे १८ मेगाव्हार धरून ०.९७१ येतं. पुन्हा फेरी: ०.९६९ आणि ०.९६२. तिसरी: ०.९६५ आणि ०.९५९. पावलं लहान होत जातात आणि आकडे ०.९६३ आणि ०.९५७ वर स्थिरावतात. तिसऱ्या ठाण्यावर १३२ ऐवजी सुमारे १२६ किलोव्होल्ट.

आणि वाटणी? १-२ मधून सुमारे ६५.५ मेगावॉट जातात, १-३ मधून ३०.५. बेरीज ९६, म्हणजे हिशेब जुळला. दुसऱ्या ठाण्यातून पाच-साडेपाच मेगावॉट पुढे तिसऱ्याकडे निसटतात. मेगाव्हार मात्र ४८ मागितले असता वीजकेंद्राला ५७ द्यावे लागतात. नऊ वाहिन्यांनीच गिळले.

या तक्त्याचं मोल मोठ्या जाळ्यात कळतं. हजार बस असल्या तर चौकटी दहा लाख. पण एकेका बसला तीन-चारच शेजारी असतील, तर शून्य नसलेल्या चौकटी चार-पाच हजारच. १९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी याच अॅडमिटन्स तक्त्यावर संगणकाने लोड फ्लो सोडवला. पुढे १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट यांनी शून्यांचा फायदा घेत न्यूटन पद्धत व्यवहारात आणली. तिला फेऱ्या कमी लागतात. मात्र आकडे स्थिरावलेच नाहीत, तर दोष नेहमी पद्धतीचा नसतो. जाळ्यावर झेपणार नाही इतका भार टाकला असेल, तर उत्तरच अस्तित्वात नसतं.

समजा १-३ वाहिनी तुटली. तक्त्यातल्या चारच चौकटी बदलतात: दोन कर्णावरच्या, दोन शून्य होतात. पुन्हा फेऱ्या मारल्या, की तिसऱ्या ठाण्यावरचा दाब ०.८९६ येतो. १३२ चे ११८ किलोव्होल्ट, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट.