दिवेलागणीला ‘घरी चला’ : स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळताना

आपल्या बचत गटांच्या बैठकींत गेल्या काही महिन्यांत एक विषय वारंवार निघतो. घरातल्या माणसाला विसर पडायला लागला आहे, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया सांगितला आहे, आणि सांभाळणारी बायकोच आहे. दिवसभर कसंबसं निभतं, पण संध्याकाळ झाली की घरात युद्ध सुरू होतं. आज आम्ही त्या संध्याकाळबद्दल आणि तिच्यामागून येणाऱ्या रात्रीबद्दलच बोलणार आहोत. कारण सांभाळणारीची तब्येत आणि संयम सगळ्यात जास्त खर्च होतो तो याच वेळात.

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसता म्हातारपणाचा विसरभोळेपणा नव्हे. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, आणि चष्मा कशासाठी असतो तेच न कळणं वेगळं. या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. दिवस कुठला, रात्र कुठली हे सांगणारं शरीरातलं घड्याळही बिघडतं. त्यात सूर्य कलला की उजेड कमी होतो, सावल्या लांब होतात, ओळखीच्या खोलीचा कोपरा अनोळखी दिसतो. माणूस दिवसभराचा थकलेला असतो. मग तो घाबरतो, येरझाऱ्या घालतो, चिडतो, आणि स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणतो. तो हट्ट करत नाही किंवा तुम्हाला छळण्यासाठीही असं करत नाही. त्याला खरंच ते घर परकं वाटत असतं.

आमच्या गटातल्या एका काकूंचं उदाहरण सांगतो. त्यांचं नाव घेत नाही, पण हे सांगायला त्यांनीच परवानगी दिली आहे. काकूंचं वय 61, काकांचं 68. काकांचा जन्म दुधाच्या धंद्यात गेला. गुडघे गेले तेव्हा म्हशी विकल्या, त्याला सहा वर्षं झाली. आता रोज संध्याकाळी साडेपाच-सहाला काका उठतात आणि म्हणतात, ‘अगं, घरी चल, धारेची वेळ झाली.’ काकू सांगतात, ‘अहो, म्हशी विकल्या, हेच आपलं घर.’ काका म्हणतात, ‘कुणी विकल्या? मला न विचारता?’ म्हणजे म्हशी विकल्याचं दुःख काकांना रोज नव्यानं होतं आणि भांडण रात्री दहापर्यंत चालतं. रात्री ते तीनदा उठतात, दाराची कडी काढायला बघतात. काकूंना सलग दोन तासही झोप नाही. त्यांना स्वतःला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि त्याच गोळ्या चुकायला लागल्या होत्या.

सगळ्यात आधी आम्ही काकूंना एकच काम सांगितलं. सात दिवस वहीत लिहायचं. त्रास किती वाजता सुरू झाला, त्याच्या आधी घरात काय चाललं होतं, आणि कशानं थांबला. आपण बचतीचा हिशेब लिहितो तसंच. आठवडा भरल्यावर ती वही सगळ्यांनी मिळून वाचली, तेव्हा चार गोष्टी दिसल्या. काका दुपारी एक ते चार झोपत होते. पाच वाजता कडक चहा घेत होते. घरातला दिवा पूर्ण अंधार पडल्यावरच लागत होता. आणि बरोबर सहाला काकू स्वयंपाकाला लागत, तेव्हा काका एकटेच टीव्हीच्या मोठ्या आवाजात बसत. सातपैकी दोन दिवस मात्र त्रास झाला नव्हता. त्या दोन्ही दिवशी शेजारचे आजोबा ओट्यावर गप्पा मारायला आले होते.

मग बदल केले, एकदम सगळे नाहीत, दर तीन-चार दिवसांनी एक. सकाळी दहाच्या सुमारास काकांना अर्धा तास उन्हात फिरवायचं, कारण दिवसाच्या उजेडानं झोपेचं घड्याळ थोडं तरी जागेवर राहतं. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणायची. शेवटचा चहा तीनच्या आत. संध्याकाळचा स्वयंपाक साडेचारलाच उरकायचा. आणि साडेपाचला, उजेड असतानाच, घरातले दिवे लावायचे, म्हणजे सावल्या पडतच नाहीत. टीव्ही बंद. सहा ते सात काकू त्यांच्याशेजारी बसतात आणि दोघांच्या हाताला काम असतं. कधी शेंगा फोडायच्या, कधी दोरी गुंडाळायची. काम नीट झालं की नाही हे बघायचं नाही. हातांना ओळखीचं काम मिळालं की मन थोडं ठिकाणावर येतं.

सगळ्यात अवघड बदल बोलण्याचा होता. ‘म्हशी विकल्या’ हे खरं आहे, पण त्या खऱ्यानं काकांना काहीच मिळत नव्हतं. आता काका धारेचं काढतात तेव्हा काकू विचारतात, ‘सगळ्यात जास्त दूध कुठली म्हैस द्यायची हो?’ काका सांगत बसतात. कोण लाथ मारायची, कोण पेंड दिल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. दहा मिनिटांनी काकू म्हणतात, ‘चला, आधी भाकरी खाऊन घेऊ.’ यात खोटं काही बोलायचं नाही आणि वादही घालायचा नाही. माणूस जे बोलतो त्यामागची काळजी ओळखायची, तिच्यावर दोन शब्द बोलायचे आणि मग हळूच वाट वळवायची. ‘मला घरी जायचंय’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला सुरक्षित वाटत नाही’ एवढाच असतो. कधीकधी तर लघवी लागलेली असते, भूक लागलेली असते किंवा काहीतरी दुखत असतं आणि ते सांगता येत नाही. म्हणून आधी तेही बघायचं.

तीन आठवड्यांनी वहीत आठवड्यातल्या चार-पाच संध्याकाळी शांत गेलेल्या दिसल्या. सगळ्या नाहीत. रात्रीचं उठणं तीनदावरून एकदावर आलं, पूर्ण थांबलं नाही. हा आजार वाढत जाणारा आहे. आज लागू पडलेली युक्ती सहा महिन्यांनी चालेलच असं नाही. तेव्हा पुन्हा वही काढायची.

इथे एक सावधगिरी. हे सगळं हळूहळू वाढलेल्या त्रासासाठी आहे. पण माणूस एक-दोन दिवसांत एकदम बदलला, कालपर्यंत बरा होता आणि आज फारच गोंधळला, भलतंच दिसतंय म्हणाला किंवा उलट दिवसभर गुंगीत पडून राहिला, तर त्याला ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, बरेच दिवस शौचाला न होणं, डोक्याला मार किंवा नवी सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि झोप लागावी म्हणून दुकानातून गोळी किंवा सर्दीचं औषध आणून स्वतःच्या मनानं देऊ नका. त्यानं गोंधळ वाढतो आणि रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याची भीती असते.

आता रात्रीचं. झोपण्याआधी लघवीला नेणं, मोरीपर्यंत मंद दिवा चालू ठेवणं, वाटेतलं पायपुसणं उचलणं, एवढं रोज करायचं. काकूंनी बाहेरच्या दाराला बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधली. दार हललं की आवाज होतो, त्यामुळे कानोसा घेत जागं राहावं लागत नाही. काकांच्या सदऱ्याच्या खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी शिवून टाकली आहे. मात्र माणसाला आत कोंडून बाहेरून कुलूप लावून जाऊ नये. आग लागली, तो पडला, तर कोण धावणार?

पण कितीही केलं तरी एकाच बाईनं सातही रात्री जागणं शक्य नाही. काकूंच्या दिरांशी बोलणी झाली. ते आठवड्यातून दोन रात्री काकांच्या खोलीत झोपतात आणि काकू पुतणीच्या घरी जातात. त्याच घरात दुसऱ्या खोलीत झोपून उपयोग होत नाही, हाक आली की बाई उठतेच. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास गटातली एक जण काकांजवळ बसते. तिच्यासाठी एका कागदावर लिहून ठेवलं आहे: काकांना काय म्हणून हाक मारायची, चहा कसा लागतो, कशानं बिथरतात, चिडले तर कुठला विषय काढायचा. सुरुवातीला लोक म्हणालेच, नवऱ्याला असं टाकून ही बैठकीला येते. ज्यांना असं वाटतं त्यांना आम्ही बुधवारची दुपार घ्यायला सांगितलं.

काकूंची रक्तदाबाची गोळी आता काकांच्या सकाळच्या चहाच्या कपाशेजारीच असते. त्यांना चहा दिला की आपली गोळी. महिन्यातून एकदा उपकेंद्रात रक्तदाब मोजायचा, ती तारीख बचतीच्या तारखेलाच जोडली आहे. काकांना उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. त्यांना खुर्चीच्या कडेला पुढे सरकवायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, थोडं पुढे वाकायला सांगायचं, म्हणजे ते बरेचसे स्वतः उठतात आणि काकूंची कंबर वाचते.

शेवटचं संयमाचं. संयम सुटण्याआधी अंग सांगतं. दात आवळले जातात, आवाज चढतो, एकच उत्तर चौथ्यांदा देताना हात उचलावासा वाटतो. काकूंना हे झालं होतं आणि त्यांनी ते गटात बोलून दाखवलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. त्या क्षणी एकच करायचं. गॅस बंद, माणूस बसलेला आहे ना हे बघायचं, आणि पाच मिनिटं ओट्यावर जाऊन बसायचं. पाणी प्यायचं. परत येताना तोच विषय घेऊन यायचं नाही, हातात काहीतरी घेऊन यायचं, केळं म्हणा, लाह्या म्हणा. एवढ्या वेळात तेही बहुतेक वेळा काय चाललं होतं ते विसरलेले असतात. पण असे क्षण रोज यायला लागले, जेवण जाईनासं झालं, वेळ मिळूनही झोप येईना, सारखं रडू यायला लागलं किंवा ‘आपण दोघंही संपलो तर बरं’ असा विचार मनात आला, तर तो तुमचा स्वतःचा आजार समजा आणि डॉक्टरांना सांगा. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या मदतीची माहिती 14567 वर मिळते.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी आज एक वही घ्या आणि दिवेलागणीच्या आधी काय काय घडलं ते लिहायला लागा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, आपण मिळून वाचू. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी आठवड्यातले दोन तास कुठली दुपार देता येईल, ते ठरवून या.