उलट्या वाटेवरची धातूची कमजोरी

म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये योहान बाउशिंगर यांच्याकडे आरशांचं एक उपकरण होतं. सळईची लांबी केसाहून कमी बदलली तरी ते दाखवायचं. त्यामुळेच 1880च्या दशकात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ताणून कडक केलेलं पोलाद ताणाला जास्त दाद देत नाही, पण तेच उलटं दाबलं की लवकर हार मानतं.

आकड्यात बघू, आकडे समजण्यापुरते. 350 मेगापास्कलपर्यंत ताणलेली सळई सोडून दिली. कडकपणा दोन्ही दिशांना सारखा वाढला असता, तर दाबतानाही ती 350 लाच वाहायला लागली असती. प्रत्यक्षात 210 लाच लागली. दोन्हींतल्या फरकाचा निम्मा, म्हणजे 70, हा बॅक स्ट्रेस: पुढे जाताना आडवा येणारा, मागे येताना ढकलणारा. सरासरी 280, ती निव्वळ घर्षणासारखी, दिशा न बघणारी.

हा 70 बसतो कुठे? पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे हाइन आणि नंतर माझिंग यांनी कणांकडे बोट दाखवलं: काही कण आधी वाहतात, काही उशिरा, आणि भार काढल्यावर ते एकमेकांना ओढत राहतात. कल्पना चांगली होती, पण एकाच स्फटिकाच्या तांब्यातही परिणाम दिसतो, तिथे शेजारचा कण कुठून आणणार?

1934 मध्ये डिस्लोकेशनची कल्पना आली आणि उत्तर कणाच्या आत शिरलं. अडथळ्यापाशी डिस्लोकेशनांची रांग लागते, मागची पुढचीला रेटते. भार उलटला की रांग आपणहून मागे सरकते. 1950च्या दशकाच्या अखेरीस ओरोवान यांनी याला हरकत घेतली. त्यांच्या मते दूरवर पोचणाऱ्या ताणाची गरजच नाही: डिस्लोकेशन पुढे जाताना दाट अडथळ्यांपाशी थांबतं, मागे वळलं की त्याच्या पाठीमागची वाट मोकळीच असते.

दोन्ही म्हणण्यांनुसार पहिलं उलट वळण सारखंच दिसेल. फरक पुढे कळतो. नुसती मोकळी वाट असेल तर थोडं दाबल्यावर आलेख पुन्हा जुन्या रेषेला मिळावा. तो कायम खाली, समांतर चालत राहिला, तर आत खरा ताण साठलेला आहे. 1971 मध्ये ब्राउन आणि स्टॉब्स यांनी बारीक सिलिका मिसळलेल्या तांब्याचं गणित मांडलं. सिलिकाचे कण वाहत नाहीत, म्हणून तिथला ताण मोजण्याजोगा मोठा असतो.

शुद्ध तांब्यात मात्र डिस्लोकेशन भिंती उभारतात, मधे मोकळ्या खोल्या राहतात. मुगराबी यांनी 1980च्या दशकात म्हटलं, की ताणून सोडल्यावर कडक भिंती ताणलेल्या राहतात आणि मऊ खोल्या दाबलेल्या. मग उलट दाबलं की खोल्या आधीच अर्ध्या वाटेवर असतात. 2006 मध्ये एक्स-रेच्या बारीक किरणाने एकेका खोलीत डोकावता आलं: दिशा बरोबर निघाली, पण खोलीखोलीत आकडा फार बदलत होता.

म्हणूनच 70 या एका आकड्यावर मी फार विसंबत नाही. उलटा यील्ड 0.01 टक्क्यावर धरला की हा आकडा वाढतो, 0.2 वर धरला की घटतो; कारण उलट वळण कोपरा घेत नाही, गोल जातं.