पाव टक्क्याचे साठ मीटर

पाणीपुरवठा योजनेचे मासिक प्रगती-सादरीकरण हाती आले म्हणजे मी ते शेवटच्या स्लाइडपासून उलटे वाचीत येतो. आरंभीच्या स्लाइड बैठकीच्या अध्यक्षांसाठी रचलेल्या असतात आणि तेथे टक्केवारी, हिरवी वर्तुळे व नव्या जलकुंभाची छायाचित्रे यांचेच राज्य असते; उलट परिशिष्टातील तक्ते भरणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला आपला आकडा कोणत्या मथळ्याखाली जाऊन बसणार आहे याची पुष्कळदा कल्पनाच नसते, आणि म्हणूनच तो बहुधा खरे तेच लिहितो.

मजजवळ असते ती चार रकान्यांची साधी वही : स्लाइडचा क्रमांक, मूळ वाक्य, त्याला दाखविलेला आधार, आणि त्याबाबत खुलासा करू शकेल असा अधिकारी. वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे लागते. कारण सारांश करू गेले की लिहिणाराने राखून ठेवलेली संदिग्धता आपल्याच हातून पुसली जाते, आणि 'परवानगी अपेक्षित' याचे नकळत 'परवानगी मिळणार' असे होऊन बसते.

एका तालुक्याच्या योजनेचे उदाहरण घेतो. सातव्या स्लाइडवर ठळक अक्षरांत मजकूर होता : 'ऊर्ध्ववाहिनीचे काम 95 टक्के पूर्ण'. जॅकवेलपासून जलशुद्धीकरण केंद्रापर्यंतची ही वाहिनी 22 किलोमीटरची, तेव्हा सुमारे 21 किलोमीटर नळ जमिनीत गेले आहेत एवढाच याचा अर्थ. एकोणिसाव्या स्लाइडवरील तक्त्यात मात्र दाबचाचणी 14 किलोमीटरचीच झाल्याचे दिसत होते; म्हणजे सात किलोमीटर नळ पुरलेले, पण त्यांचे सांधे पाणी धरतात की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. हे अज्ञात होते, आणि विशेष म्हणजे त्याविषयी कोणी प्रश्नसुद्धा केला नव्हता. पुढे एकतिसाव्या स्लाइडच्या तळाशी, चांदणीच्या खुणेमागे, बारीक अक्षरांत शेरा होता : 'रेल्वे क्रॉसिंग (60 मी.) वगळून'. लांबीच्या हिशेबात हे साठ मीटर पाव टक्का भरतात. परंतु रुळांखालून पोलादी आवरणनळ ढकलून त्यातून वाहिनी पलीकडे नेल्याखेरीज योजनेचे एक थेंबभर पाणीही शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचणार नाही. लांबीवर मोजलेली प्रगती ही अशी फसवी असते.

आता चौथ्या स्लाइडवरील अभिवचन पाहा : 'मार्चअखेर शहरास पाणी'. या वाक्यासमोरचा आधाराचा रकाना भरण्यासाठी मी सबंध सादरीकरण धुंडाळले. मार्चअखेर पाणी यायचे तर त्यापूर्वी रेल्वेची मंजुरी, क्रॉसिंगचे प्रत्यक्ष काम, उरलेल्या लांबीची दाबचाचणी, पंपगृहाची वीजजोडणी आणि चाचणी-प्रवाह इतक्या गोष्टी क्रमाने व्हावयास हव्यात. त्यांपैकी एकीचीही तारीख कोठे दिलेली नव्हती, आणि वीजजोडणीपुढे तर नुसते 'पाठपुरावा सुरू' असे लिहिले होते. अभिवचन खोटे आहे असा शेरा मी मारीत नाही, तो माझा अधिकारही नव्हे. 'आधार सादरीकरणात आढळत नाही' एवढेच लिहितो. कागद दुसऱ्या कोणाच्या दप्तरात असू शकतो.

जे सादरीकरणात मुळी नाहीच ते शोधण्यास मागील महिन्यांच्या प्रती लागतात. या योजनेच्या दोन महिन्यांपूर्वीच्या प्रतीत 'जलकुंभ क्र. 3 : जागेचा ताबा प्रलंबित' अशी एक ओळ होती, पुढच्या प्रतीत ती अदृश्य झाली, पण ताबा मिळाल्याची नोंद मात्र कोठेच आली नाही. न सुटता गळालेल्या अशा बाबी मला उघड्या प्रश्नांपेक्षा अधिक चिंताजनक वाटतात, कारण उघड्या प्रश्नाला निदान कोणी तरी धनी असतो.

सर्व नोंदी बैठकीपुढे नेल्या तर ती वैतागते. ज्यांच्या उत्तराने मार्चची तारीख हलू शकते तेवढ्याच मी निवडतो, आणि प्रत्येकीचा प्रश्न असा बांधतो की उत्तर तारखेत किंवा कागदात द्यावे लागेल. 'रेल्वे क्रॉसिंगचे काय झाले?' असे विचारले असता 'पाठपुरावा सुरू आहे' हेच उत्तर पुन्हा पदरी पडते. म्हणून विचारले, 'मार्गाधिकाराचे शुल्क रेल्वेकडे कोणत्या तारखेस भरले?'

बैठकीत उपअभियंत्यांनी धारिका चाळली आणि सांगितले, "साहेब, मागणीपत्र आलंय, पण रक्कम अजून भरलेली नाही. लेखाशाखेकडे प्रस्ताव आहे." अध्यक्षांनी लेखाधिकाऱ्यांकडे पाहिले. त्यांच्याकडून तो प्रस्ताव एका सहीसाठी परत गेलेला होता, आणि ती सही उपअभियंत्यांचीच होती. पुढील महिन्याच्या प्रतीत चौथ्या स्लाइडवर 'मार्चअखेर'च्या जागी 'रेल्वेची मंजुरी मिळाल्यापासून चार महिन्यांत' असे आले. त्या चार महिन्यांसमोरचा आधाराचा रकाना मी तूर्त कोराच ठेवला आहे.