एका बटणाचं स्टॉपवॉच

स्टॉपवॉचला 'सुरू' आणि 'थांब' अशी दोन वेगळी बटणं असली, की सर्किटचं काम सोपं असतं. 'सुरू' चुकून तीनदा दाबलं गेलं तरी घड्याळ चालूच राहतं. बटण एकच ठेवलं, तर मात्र प्रत्येक दाबाचा अर्थ आधीच्या दाबाच्या उलट होतो. त्यासाठी एका फ्लिप-फ्लॉपमध्ये एक बिट ठेवतात: १ म्हणजे चालू, ० म्हणजे थांबलेलं. दाबलं की बिट उलटतो. यालाच टॉगल म्हणतात.

पंचाईत बटणाच्या पत्र्यात असते. दाबल्यावर आतले संपर्क काही मिलिसेकंद उसळतात, जुळतात, सुटतात. सर्किटला हे चार वेळा जुळणं दिसलं, तर बिट चारदा उलटून मूळ जागी येतो आणि घड्याळ ढिम्म हलत नाही. पाच वेळा दिसलं, तर सगळं ठीक वाटतं. म्हणून कधी चालणारं, कधी न चालणारं बटण दिसलं, की पहिला संशय उसळीवर घ्यावा.

उपाय असा: बटणाचा सिग्नल आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेऊन क्लॉकशी जुळवायचा. तो साधारण १० मिलिसेकंद स्थिर राहिला, तरच खरा मानायचा. मग तो ० वरून १ झाला त्या क्षणी, फक्त एका ठोक्यापुरता `press` हा पल्स काढायचा.

```verilog
always @(posedge clk)
  if (press) run <= ~run;
```

स्थिरतेची वाट पाहण्यातला उशीर सुरू करताना आणि थांबवताना जवळपास सारखाच असतो, त्यामुळे मोजलेल्या वेळेत तो वजा होऊन जातो.

आता `run` ने मोजणी थांबवायची कशी? क्लॉकच अडवण्याचा मोह होतो. पण ठोका अर्धवट असताना `run` बदलला, तर अर्धामुर्धा पल्स पुढे जातो. काही फ्लिप-फ्लॉप तो मोजतात, काही मोजत नाहीत आणि आकडा भलतीकडे उडी मारतो. म्हणून क्लॉक सर्वांना अखंड देतात आणि `run` काउंटरच्या एनेबलला जोडतात. ठोका येतोच, मोजायची परवानगी तेवढी नसते.

हीच परवानगी आधीच्या विभाजकालाही हवी. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे १० लाख ठोके. ६ लाखांवर घड्याळ थांबवलं, तर विभाजक तिथेच गोठायला हवा. पुन्हा सुरू केल्यावर आणखी ४ लाख ठोक्यांनी आकडा पुढे सरकतो. तो शून्यावर आणला, तर त्या विरामात ६ मिलिसेकंद हरवतात.

`press` एका ठोक्यापुरता ठेवायला विसरल्यास ते ओळखणंही सोपं आहे. बटण दाबून धरलं, की `run` प्रत्येक ठोक्याला उलटतो, म्हणजे निम्मा वेळच १ असतो. त्यामुळे घड्याळ निम्म्या वेगाने चालतं, आणि बोट उचलल्यावर ते चालू राहील की थांबेल, याचा नेम नसतो.