दाव्याची व्याप्ती आणि अनुवादकाचा शब्द

पेटंटच्या दस्तऐवजातील सारांश आणि दावे यांची कार्ये भिन्न असतात. सारांश शोधाची ओळख करून देतो. भारतीय नियमांनुसार तो सामान्यतः 150 शब्दांहून मोठा नसावा. हक्काची हद्द मात्र दावे ठरवतात. भारतात हे दस्तऐवज इंग्रजीत किंवा हिंदीत दाखल होतात. त्यामुळे मराठी अनुवादाला कायदेशीर बळ नसते. तरीही काय बनवावे आणि काय टाळावे, हे छोटा संशोधक त्याच्याच आधारे ठरवतो.

पेरणीयंत्राचे एक कल्पित उदाहरण घेऊ. मूळ इंग्रजी पेटंटमधील पहिल्या दाव्याचा आशय असा: 'पेरणीयंत्र, ज्यात बियाणे साठवणारे पात्र, बियाणे मोजून सोडणारा रूळ आणि किमान दोन नळ्या यांचा समावेश आहे.' दुसरा दावा असा: 'पहिल्या दाव्यातील यंत्र, ज्यातील रूळ लाकडी आहे.' समजा, अनुवादकाने दोहोंचा मिळून गोषवारा दिला: 'हे यंत्र चाडे, लाकडी रूळ आणि दोन नळ्या यांचेच बनलेले आहे.' वाक्य सुटसुटीत आहे. पण हद्द चार ठिकाणी आक्रसली.

सर्वांत घातक तो 'च'. मूळात 'कॉम्प्रायझिंग' हा शब्द आहे. तो यादी खुली ठेवतो: सांगितलेले सर्व घटक असून वर खताची पेटी जोडली, तरी यंत्र दाव्यातच मोडते. 'यांचेच बनलेले' हा अर्थ 'कन्सिस्टिंग ऑफ' या शब्दांचा. हा गोषवारा वाचून एखादा कारागीर खताची पेटी जोडेल आणि स्वतःला निर्धास्त समजेल. लाकडी रुळाचेही तसेच. दुसऱ्या दाव्यातील अट पहिल्यात मिसळल्याने लोखंडी रूळ मोकळा असल्याचा भास होतो. 'किमान' गळल्याने तीन नळ्यांचे यंत्र सुटले. 'चाडे' हा शब्द तर आपल्या पाभरीवरचा, गोड आणि ओळखीचा. पण त्याने डोळ्यांपुढे विशिष्ट आकाराचे भांडे येते. मूळातील 'पात्र' कोणत्याही आकाराचे असू शकते.

म्हणून प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारावा: मूळ दाव्यात बसणारे, पण माझ्या अनुवादाबाहेर राहणारे यंत्र कल्पिता येते का? मग उलटही विचारावे, कारण हद्द वाढवणे हाही दोषच आहे. 'लाकडी' गाळून दुसरा दावा लिहिला, तर तो पहिल्याइतका रुंद होतो.

पुनरुक्ती टाळण्याची आपली वाङ्मयीन सवय येथे बाजूला ठेवावी. एकदा 'पात्र' म्हटले की शेवटपर्यंत 'सदर पात्र'च म्हणावे. मध्येच 'पेटी' आली, तर वाचक दोन वेगळे भाग समजेल. मूळातच संदिग्धता असेल, तर ती दाव्यात तशीच राखावी आणि आपले स्पष्टीकरण दाव्याबाहेर, 'अनुवादकाची टीप' म्हणून द्यावे.