चार टाळ्यांची ओळ: जेवताना एक, झोपताना एक

आजचा भाग ज्यांच्या घरात दोन ते पाच वर्षांचं पिल्लू आहे त्यांच्यासाठी, आणि अशा पिल्लाच्या मामा, मावशी, काका, आत्या असलेल्यांसाठीही. मी स्वतः मामा आहे, म्हणून या विषयात पडलो. विषय साधा आहे. जेवायच्या आधी आणि झोपायच्या आधी लहान मुलांसोबत रोज म्हणता येईल असं काहीतरी, चार ओळींचं, तालातलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ‘वदनी कवळ’ आहे की! आहेच. समर्थ रामदासांच्या नावावर सांगितला जातो, शाळेत डबा उघडायच्या आधी निम्म्या महाराष्ट्राने म्हटलाय. पण अडीच वर्षांच्या मुलाला तो म्हणायला लावून बघा. पहिला शब्द म्हणतं, शेवटचा म्हणतं, मधे सगळा गोंगाट. यात मुलाचा दोष नाही. तो श्लोक मालिनी वृत्तात आहे. एका ओळीत पंधरा अक्षरं, त्यातली पहिली सहा लागोपाठ ऱ्हस्व आणि मग एकदम तीन दीर्घ. म्हणजे आधी पळायचं आणि मग अचानक ब्रेक मारायचा. मोठ्यांच्या पंगतीत ते झकास वाटतं, कारण तिथे वीस जण एकत्र ओढून नेतात. घरात आई, बाबा आणि एक छोटी मुलगी एवढंच असेल तर तिला पकडायला काही सापडत नाही. तो श्लोक सोडा असं मी म्हणत नाहीये, पाचेक वर्षांची झाली की शिकवा. त्याआधी हाताला सापडेल असा ताल हवा.

हाताला म्हणजे अक्षरशः हाताला. एका ओळीत चार टाळ्या. प्रत्येक टाळीत चार मात्रा. मात्रा मोजायला शाळेतलं व्याकरण आठवायची गरज नाही: ऱ्हस्व अक्षर एक, दीर्घ अक्षर दोन. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर पडला तर तेही दोन. बोलताना आपण ‘हात’मधला त अर्धवट गिळतो, पण तालात म्हणताना तो पूर्ण म्हणायचा, त्याची एक मात्रा धरायची. एवढंच.

जेवणासाठी मी बांधलेल्या ओळी या:

पाणी आले, दाणे आले,
मातीमधुनी कोंब निघाले,
हात कुणाचे राबत होते,
देवा, त्यांचे पोट भरू दे.

आता टाळी कुठे पडते बघा. पाणी, आले, दाणे, आले: प्रत्येक शब्दाला एक टाळी. म्हणून ही ओळ पहिली ठेवली, दोन वर्षांचं मूलही तिथे चुकत नाही. दुसऱ्या ओळीत टाळी मा, म, कों आणि घा यांवर पडते. तिसरीत हा, णा, रा, हो. चौथीत दे, त्यां, पो, रू. सोळा टाळ्यांत संपलं. आरामात म्हटलं तरी दहा-बारा सेकंद. भाजी गार होत नाही.

तिसरी ओळ आधी अशी नव्हती. पहिला खर्डा होता: ‘शेतकऱ्याचे हात राबले’. मात्रा मोजा, बरोबर सोळाच भरतात. तरी टाळी वाजवताना काहीतरी अडखळतं. का, तर तिसरी टाळी ‘हात’वर सुरू होते, ‘हात’च्या तीन मात्रा होतात आणि चौथी मात्रा पुढच्या ‘रा’च्या पोटात जाते. चौथी टाळी ‘रा’ अर्धा म्हणून झाल्यावर वाजवावी लागते. मोठी माणसं हे नकळत सांभाळून घेतात, मुलं सांभाळत नाहीत. ती एकतर ‘हाऽत’ असं लांबवतात, नाहीतर एक टाळी जास्त वाजवतात. तुम्ही स्वतः ओळी रचणार असाल तर हीच परीक्षा घ्या. टाळी अक्षराच्या सुरुवातीला पडते का? मूल त्याच जागी दोन-तीनदा घसरत असेल तर मुलाला सुधारू नका, शब्द बदला. ‘हात कुणाचे राबत होते’ केलं आणि टाळी सरळ झाली. शिवाय अर्थही वाढला, कारण त्या हातांत शेतकरी आहे तशी स्वयंपाकाच्या मावशी आहेत, पीठ दळणारे काका आहेत. रोज ‘आज कुणाचे हात?’ असं विचारता येतं.

(मधेच एक: मूल ‘पाणी आलं’ म्हणेल. म्हणू द्या! ‘ले’ आणि ‘लं’ दोन्हींना तेवढाच वेळ लागतो. ‘कोंब’ कळत नसेल तर मटकी भिजवून बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी फडकं सोडून दाखवा.)

‘देवा’च्या जागी काय चालेल, हा प्रश्न हमखास येतो. चार मात्रांचं काहीही. बाप्पा चालतो. विठ्ठल चालतो, पण ‘विठ्ठला’ केलंत की एक मात्रा वाढते आणि टाळी सरकते. वसईत किंवा गोव्यात कुणाच्या घरी ‘येशू’ म्हणायचं असेल तर तेही बरोबर चार, आणि ‘अल्ला’सुद्धा चार. ‘गणपती’ मात्र बसत नाही, पाच होतात. देव मानत नसाल तर ‘आता त्यांचे पोट भरू दे’ म्हणा. ओळीचं काम तेच राहतं.

म्हणायची पद्धत सांगतो, कारण इथेच जास्त गडबड होते. हात धुऊन झाले, ताट समोर आलं, मोबाइल उलटा ठेवला, मगच सुरुवात. पहिले चार-पाच दिवस फक्त तुम्ही म्हणायचं, मुलाने नुसती टाळी वाजवायची किंवा मांडीवर थाप मारायची. मग एक दिवस ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. ‘मातीमधुनी कोंब...’ आणि मुलाकडे बघा. नुसतं बघा. तीन-चार सेकंद जातात, खूप लांब वाटतात, आणि मग ‘निघाले!’ येतं. आधी शेवटचा शब्द, मग शेवटचे दोन, मग अर्धी ओळ, असं ते मागून पुढे भरत येतं. म्हणूनच, माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो, हे रेकॉर्ड करून ताटाशेजारी लावू नका. रेकॉर्डिंग थांबून वाट बघत नाही.

आणि याला जेवणाची अट करू नका. ‘म्हटलं नाहीस तर घास नाही’ हे ऐकलं की भुकेलं मूल त्या ओळींवरच चिडतं. नाही म्हटलं तर तुम्ही म्हणा आणि जेवायला लागा.

आता रात्रीचं. इथे टाळी नाही, थोपटणं. एका ओळीत चार थोपट, साधारण सेकंदाला एक.

झाडे निजली, पाने निजली,
रस्त्यावरची गाडी निजली,
आई जवळी, बाबा जवळी,
देवा, तूही थांब उशाशी.

तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात, दुसऱ्यांदा हळू, तिसऱ्यांदा जवळजवळ कुजबुजत, आणि थोपटणंही त्याच हिशोबाने मंद. शेवटच्या शब्दाआधी थांबायची युक्ती इथे वापरू नका. थांबलात की मूल उत्तर द्यायला टक्क जागं होतं. दुपारी खेळताना ओळी पाठ करून घ्या, रात्री नुसत्या वाहू द्या.

झोपेच्या ओळींत काय नसावं, यावर माझं मत ठाम आहे. भूत, राक्षस, वाईट स्वप्न यांचं नाव नको, ‘येऊ देऊ नको’ अशा रूपातही नको. मुलाच्या कानात ‘नको’ राहत नाही, राक्षस राहतो. इंग्रजीत झोपेची एक फार जुनी प्रार्थना आहे, अठराव्या शतकात ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ या मुलांच्या पुस्तकात छापली जायची. तिच्यात ‘उठायच्या आधी मी मेलो तर’ अशा अर्थाचं वाक्य आहे. त्या काळी लहान मुलं पटापट दगावायची, तेव्हा ते कदाचित धीराचं वाटत असेल. पुढे अनेक घरांनी ती ओळ बदलून घेतली, आणि बरंच केलं.

दुसरी गोष्ट, ओळीत खोटं नको. माझी ताई नाशिकला असते, भावजी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. भाची तीन वर्षांची. तिसऱ्या ओळीला ‘बाबा जवळी’ आलं की ती उठून बसायची, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हात फिरवून बघायची, आणि मग रडं. ताईला वाटलं प्रार्थनाच बंद करावी. आम्ही फोनवर बसून एक शब्द बदलला: ‘आई जवळी, बाबा गावी’. मात्रा तेवढ्याच, थोपटही तेवढेच. पहिल्या रात्री भाचीने विचारलं, ‘गावी म्हणजे पुण्याला ना?’ ताई म्हणाली, ‘हो, पुण्याला, आणि शनिवारी येणार.’ त्यानंतर ती उठून बसायची थांबली. बाबांची आठवण येते, अजून कधी रडतेही, ते काही ओळीने जात नाही. पण सोमवार ते शुक्रवार ‘गावी’ आणि शनिवारी ‘जवळी’ हे तिनेच ठरवून टाकलंय, आणि शनिवारी तो शब्द ती एकटी म्हणते, मोठ्याने. त्या दिवशी कुजबुजीचा नियम मोडतो, मोडू देत.

ही तिसरी ओळ मुद्दामच मोकळी जागा म्हणून ठेवलीय. चार मात्रांचं कुठलंही माणूस तिथे येऊन बसतं: आजी, ताई, दादा, मामा, आत्या. ‘आजोबा’ सहा मात्रांचे, त्यांना ‘आबा’ करावं लागतं, आणि तेही तीन ठिकाणी न थांबता चारातच आटोपतात. मूल चार-पाच वर्षांचं झालं की यादी वाढवतं: मामा, मोती कुत्रा, शेजारची दीदी, बसवाले काका. झोप टाळायचा तो छान मार्ग आहे हे त्याला कळलेलं असतं! एका रात्री दोन नावं, बाकीची उद्या, एवढंच धरून ठेवा. उद्याची दोन नावं कोणती, हे थोपटणं सुरू व्हायच्या आधी ठरवायचं.

तुमच्या घरातलं एखादं नाव चार मात्रांत बसत नसेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, घरात हाक मारतात तसंच. पुढच्या भागात त्यांना बसवून बघू. भेटू!